मदत हवी आहे: सामायिक शीटमधील कॉलमची शीर्षके बदलल्यामुळे डॅशबोर्डवर चुकीचे आकडे

जलनोंद:
नमस्कार. आमची एक लहान स्वयंसेवी संस्था आहे आणि उन्हाळ्यात तालुक्यातील २३ गावांना होणाऱ्या टँकरच्या पाणीपुरवठ्याची नोंद आम्ही गुगल शीट्समध्ये ठेवतो. गावोगावचे स्वयंसेवक मोबाइलवरून थेट त्या शीटमध्ये भरतात. A ते F असे सहा कॉलम आहेत: दिनांक, गाव, मंजूर फेऱ्या, प्रत्यक्ष फेऱ्या, टँकरची क्षमता आणि वितरित लिटर. तीच शीट लुकर स्टुडिओला जोडून मी डॅशबोर्ड केला असून, गावकरी आणि पंचायत समितीतील मंडळी तो पाहतात.

मार्चमध्ये एका सकाळी ‘प्रत्यक्ष फेऱ्या’चा आलेख बंद पडला आणि त्या जागी त्रुटीचा संदेश आला. कोणाकडून तरी शीर्षक पुसले गेले होते आणि त्यांनी ते प्रामाणिकपणे पुन्हा टंकले होते. मला दोन्ही शीर्षके अक्षरशः सारखीच दिसत होती. शेवटी डेटा सोर्समध्ये जाऊन `Refresh fields` केले आणि आलेख नव्याने जोडला.

दुसरी घटना मात्र मला जास्त अस्वस्थ करते. ९ एप्रिलला एका स्वयंसेवकाने C आणि D या कॉलमची केवळ शीर्षके आपसांत बदलली, कारण त्यांच्या कागदी नोंदवहीत तो क्रम उलटा आहे. खालचे आकडे तसेच राहिले. कोणतीही त्रुटी आली नाही. ज्या गावाला सहा फेऱ्या मंजूर होत्या आणि चारच पोहोचल्या, तेथे डॅशबोर्ड पुरवठा १५० टक्के दाखवू लागला. हे माझ्या लक्षात १४ तारखेला आले. पाच दिवस तहानलेल्या गावांपुढे पाणी जास्त मिळाल्याचे आकडे होते.

हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करावे आणि बिघडलेल्या नोंदी कशा दुरुस्त कराव्यात, याबाबत कृपया मार्गदर्शन करावे.

गोदाकाठ:
यावर सोपा उपाय आहे. शीर्षकांवर अवलंबूनच राहू नका. दुसऱ्या फाइलमध्ये `IMPORTRANGE` ने माहिती आणा आणि `QUERY` मध्ये `Col4` असे क्रमांकाने कॉलम निवडा. मग पहिल्या ओळीत कोणी काहीही लिहिले तरी आपला आलेख चालू राहतो. मी दोन वर्षे असेच करत आहे.

कोष्टक:
गोदाकाठ यांचे म्हणणे शीर्षक बदलण्यापुरते खरे आहे, पण त्यामुळे धोका नाहीसा न होता दुसरीकडे सरकतो. उद्या कोणी ‘गाव’ आणि ‘मंजूर फेऱ्या’ यांच्यामध्ये ‘वाडी’ असा कॉलम घातला, तर `Col4` म्हणजे प्रत्यक्ष फेऱ्या न राहता मंजूर फेऱ्या होतील. दोन्ही आकडेच असल्यामुळे काही अडणार नाही आणि कोणाला कळणारही नाही. नावाने जोडलेला आलेख निदान बंद पडून ओरडतो, तर क्रमांकाने जोडलेला आलेख शांतपणे चुकीचे सांगतो. माझ्या मते बंद पडलेला आलेख केव्हाही परवडतो.

म्हणून भरण्याची ‘नोंद’ ही शीट आणि डॅशबोर्डची शीट वेगळी ठेवा. ‘प्रकाशन’ नावाचा टॅब तयार करून तो पूर्ण सुरक्षित करा, आणि त्यातील प्रत्येक कॉलमच्या पहिल्या ओळीत असे सूत्र लिहा:

```
=INDEX('नोंद'!A:Z, 0, MATCH("प्रत्यक्ष फेऱ्या", 'नोंद'!1:1, 0))
```

कॉलम इकडचा तिकडे सरकला तरी हे सूत्र त्याला शोधून काढते, आणि शीर्षक सापडले नाही तर `#N/A` देते. लुकर स्टुडिओ या टॅबला जोडा. मूळ शीटची पहिली ओळही `Protect range` ने बंद करा. तेथे केवळ इशारा दाखवण्याचा पर्याय निवडू नका, कारण तो इशारा ओलांडून बदल करता येतो. ती ओळ गोठवायलाही विसरू नका, नाहीतर कोणी संपूर्ण शीट क्रमाने लावली की शीर्षकेच नोंदींमध्ये मिसळतात.

मार्चमधल्या प्रकाराबद्दल माझी शंका अशी आहे. ‘फेऱ्या’ मधला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह घालतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द असतात. जुने आणि नवे शीर्षक `LEN` ने मोजून पाहावे.

मुळामुठा:
आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काचा तक्ता पॉवर बीआयमध्ये आहे. खजिनदारांनी ‘थकबाकी’चे ‘एकूण थकबाकी’ केले आणि कॉलम सापडत नसल्याची त्रुटी येऊन रिफ्रेश बंद पडला, पण अहवाल जुने आकडे दाखवतच राहिला. पैसे भरलेल्या सभासदांची नावे तीन दिवस थकबाकीदारांत दिसत होती. जलनोंद, तुमचाही प्रश्न रिफ्रेशच्या विलंबाचा असावा. रिफ्रेश वारंवार ठेवून पाहा.

जलनोंद:
मुळामुठा, आभारी आहे, परंतु आमच्याकडे माहिती दर १५ मिनिटांनी ताजी होत होती. चूक ताजेपणाची नव्हती, नावाची होती.

कोष्टक, ‘आवृत्ती इतिहासा’तून मार्चमधले जुने शीर्षक काढून मोजले. जुन्याची लांबी १६ आणि नव्याची १७ आली. आपली शंका बरोबर निघाली.

आता एप्रिलच्या नोंदींबद्दल. शीर्षके पूर्ववत केली तर ९ तारखेपूर्वीच्या नोंदी बरोबर होतात, पण नंतर शीर्षक वाचून भरलेल्या नोंदी उलट्या होतात. त्यातही काही स्वयंसेवक सवयीने जुन्याच जागी भरत राहिले. त्यामुळे केवळ तारखेवरून विभागणी करता येत नाही.

कोष्टक:
आपल्याकडे वितरित लिटरचा कॉलम आहे, ही मोठी जमेची बाजू आहे. प्रत्यक्ष फेऱ्यांना टँकरच्या क्षमतेने गुणले की लिटर मिळायला हवेत. ज्या ओळीत ४ आणि ६ हे आकडे आहेत, क्षमता १०,००० आहे आणि वितरित लिटर ४०,००० आहेत, तेथे प्रत्यक्ष फेऱ्या ४ च असणार, मग तो आकडा कोणत्याही कॉलममध्ये असो. G कॉलममध्ये हे सूत्र लिहून खालपर्यंत ओढा:

```
=IF(C2=D2,"समान",IF(C2*E2=F2,"C",IF(D2*E2=F2,"D","तपासा")))
```

उत्तर C आले तर प्रत्यक्ष फेऱ्या C मध्ये आहेत, D आले तर D मध्ये. शीर्षके आधी मूळ जागी आणा आणि मग ‘C’ आलेल्या ओळींतील दोन आकडे आपसांत बदला. दुरुस्तीपूर्वी शीटची प्रत काढून ठेवा. अर्धा भरलेला टँकर आला असेल तर ‘तपासा’ येईल, आणि तेथे गावात फोन करण्यावाचून मार्ग नाही. शीर्षकांच्या अदलाबदलीपासून माझे `INDEX` चे सूत्र वाचवू शकत नाही, हे आधीच सांगायला हवे होते. म्हणून ही गुणाकाराची तपासणी कायम ठेवा आणि ‘तपासा’ व ‘C’ यांची संख्या डॅशबोर्डवरच दाखवा.

जलनोंद:
९ ते १४ एप्रिलच्या १३८ ओळींपैकी ४१ ओळींत ‘C’ आले आणि ९ ओळींत ‘तपासा’. त्या नऊ नोंदींसाठी फोन सुरू केले आहेत. दोन गावांत लिटरची नोंदच नाही, त्यामुळे तेथे चालकाच्या लॉगबुकवर अवलंबून राहावे लागेल.

पहिली ओळ आज सुरक्षित केली आणि ‘प्रकाशन’ टॅबही तयार केला. एक प्रश्न उरतो. शीर्षक हरवल्यास आलेख रिकामा दिसावा, की कालचे आकडे तारखेसह दिसावेत? रिकामी चौकट पाहून गावकरी घाबरून फोन करतात, आणि जुना आकडा पाहून मुळामुठा यांच्या सभासदांसारखे गैरसमज होतात.

गोदाकाठ:
माझ्या फाइलमध्ये आज तपासले. फेब्रुवारीत कोणीतरी एक कॉलम घातलेला आहे. मला आता माझेच मागचे अहवाल उघडून पाहावे लागतील. आपल्या प्रश्नाबाबत माझे मत जुने आकडे ठळक तारखेसह दाखवावेत असे आहे.

कोष्टक:
मी रिकामी चौकट ठेवीन. मोबाइलच्या लहान पडद्यावर तारीख कोणी वाचत नाही.