कोजागिरीच्या दुधात मिठाचा खडा

गच्चीवरचा: सोसायटीची कोजागिरी होती, गच्चीवर पंचवीस-तीस माणसं. दूध आटत होतं. खालच्या मजल्यावरचे काका रंगात येऊन म्हणाले, "हल्ली ऑपरेशनच्या आधी डॉक्टरचं आडनाव विचारून घ्यावं. कोट्यातला निघाला तर पोटात कात्री राहायची!" सगळे हसले. मी शांतपणे म्हणालो, "काका, हा विनोद मला नाही पटला." त्यावर दोन मिनिटं कुणी बोलेना. बायको म्हणते, दुधात मिठाचा खडा टाकलास. काका आता लिफ्टमध्ये बघतही नाहीत. माझं चुकलं का?

पेठकर: चुकलं. शंभर टक्के चुकलं. असली पोस्ट वाचली की डोकं फिरतं, म्हणून सविस्तर लिहितोय. म्हाताऱ्या माणसाला तीस जणांसमोर अंगठे धरायला लावायचे आणि वर 'शांतपणे' म्हणून मिरवायचं! आवाज न चढवता कानफटात मारली तरी ती कानफटातच असते. आम्हा कोब्रांच्या चिकटपणावर जन्मभर विनोद ऐकतोय. माझ्या लग्नात सासऱ्यांच्या मित्राने माईकवरून विचारलं होतं, "तूप वाढलंय की नुसतं दाखवलंय?" मंडप हसला, मीही हसलो. तेव्हा कुणाला शांतपणे बोलायचं सुचलं नाही. आणि राहिली कोट्याची गोष्ट, तर माझ्या मुलाने दोन वर्षं रिपीट करून शेवटी फार्मसी घेतली. तो राग माणसाने विनोदात नाही काढायचा तर कुठे काढायचा?

मिसळ_स्पेशल: ग्रुपवर असले फॉरवर्ड आले की मी ॲडमिनला सांगतो, दोन दिवस फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं करा. लगेच थंड होतात.

खवचट_काकू: अहो मिसळ, ते गच्चीवर होते. दूध फॉरवर्ड करत नव्हते.
पेठकर, खाजगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून बसलेल्याचं आडनाव कोण विचारतं? तिथे फक्त चेक वटला का ते बघतात. त्याच्यावरचा विनोद तुमच्या काकांकडे नसणार, कारण त्यांचा एखादा भाचा तिथलाच निघायचा.

भूलवाली: मी कोट्यातली डॉक्टर. भूलतज्ज्ञ, सोळा वर्षं. हा कात्रीवाला विनोद मी समोर बसून दोनदा ऐकलाय.

पहिल्यांदा विभागाच्या पार्टीत. सिनियर सर्जननी टाकला, तर एक सहकारी भला माणूस म्हणून उठला आणि म्हणाला, "सर, मॅडम इथे बसल्यात!" झालं. सगळ्यांच्या माना माझ्याकडे. आता सरांची लाज वाचवायची जबाबदारीही माझ्यावर. मीच हसून म्हटलं, "चालतं हो सर." घरी जाऊन रडले ती विनोदामुळे नाही, त्या 'चालतं'मुळे.

दुसऱ्यांदा वेगळ्या दवाखान्यात, पावसाळी सहलीत. तिथली थिएटरची सिस्टर भजी वाढत होती. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "सर, मला नाही समजलं. आडनावाचा आणि कात्रीचा काय संबंध?" सर म्हणाले, "अगं, म्हणजे ॲडमिशनला मार्क कमी लागतात ना."
"ॲडमिशनला. आणि पास व्हायला?"
"पास व्हायला सगळ्यांना तेवढेच."
"आणि कात्र्या तर आम्ही मोजतो. पोट शिवायच्या आधी हत्यारं आणि मॉप मोजून मी 'काउंट बरोबर' म्हटल्याशिवाय तुम्ही टाका घालता का?" सर गप्प. सिस्टरने लगेच, "घ्या, गार होतायत," म्हणून ताट त्यांच्याच पुढे केलं. ते ताट महत्त्वाचं. त्यांना तिथून निघायला जागा मिळाली. नंतर माझ्याशी नीट बोलले.

गच्चीवरचे, तुमचं वाक्य बरोबर होतं. पण ते वाक्य टाकून तुम्हीही गप्प बसलात. पुढची दोन मिनिटं काकांना कुणी दुधाचा पेला दिला का?

वाचनवेडा: यावर अमेरिकेत झॉप आणि मॉन्टीथ यांचं 2006 चं काम आहे. पूर्वग्रहाचं बोलल्यावर टोकलं तर माणूस नंतर तसं कमी बोलतो, मऊ टोका की कडक. कडक टोकलं तर टोकणाऱ्यावर राग जास्त धरतो इतकंच. आणि ज्याच्यावर विनोद आहे त्यानेच टोकलं तर 'हा फार हळवा' म्हणून झटकतात, असंही याच विषयात दिसलंय. म्हणून बाहेरच्याने बोलावं.

खवचट_काकू: तिकडची कॉलेजची पोरं आणि आमच्या गच्चीवरचे काका एका मापाने मोजता होय? पोरं दुसऱ्या दिवशी विसरतात. काका मेन्टेनन्सच्या मीटिंगपर्यंत लक्षात ठेवतात.

वाचनवेडा: ते मान्य. वर्षभर एकाच लिफ्टने जाणाऱ्यांचं काय होतं, हे त्यात नाही.

नागपुरी_संत्री: पेठकर साहेब, तुपाच्या विनोदामुळे तुम्हाला कुणी घर नाकारलं का? मी पुण्यात फ्लॅट बघत होतो. फोनवर भाडं ठरलं, टोकन द्यायला गेलो, चहाही झाला. मग मालकीणबाई म्हणाल्या, "आडनाव काय म्हणालात?" सांगितलं. दोन मिनिटांनी आत जाऊन आल्या, "अहो, ह्यांच्या भावाने आधीच कुणाला शब्द दिलाय." आठवड्याने तीच जाहिरात परत. तुमचा विनोद मांडवात संपला. आमचा दारापर्यंत येतो.

पेठकर: घर माझं, कुणाला द्यायचं मी ठरवणार. आडनावाचा प्रश्नच नाही, मी फक्त शाकाहारी कुटुंब बघतो. गेल्या भाडेकरूने बाल्कनीत सुरमई तळली, पडदे बदलावे लागले.

नागपुरी_संत्री: सुरमई आमच्याकडे फारशी मिळत नाही, सांगून ठेवतो. आणि शाकाहारी आहे का हे आडनावावरून कळतं वाटतं?

पेठकर: म्हणजे मी जातीयवादी?

नागपुरी_संत्री: मी शब्द उच्चारला नाही. तुम्हीच ओळखलात.

मिसळ_स्पेशल: माझंही डिपॉझिट मालकाने रंगाच्या नावाखाली कापलं. अकरा महिने राहिलो, रंग त्याच्या आजोबांच्या काळचा.

खवचट_काकू: कोजागिरीवरून रंगकामावर आलो. दूध उतू गेलं.

भूलवाली: पेठकर, तुमच्या मुलाचं वाईट वाटलं, खरंच. त्याची जागा गेली हे दुःख आहे. पण ते दुःख "माझ्या मुलाचं हुकलं" असं सांगितलंत तर मी ऐकून घेईन. माझ्या कात्रीवरून सांगितलंत तर ऐकणार नाही.

पेठकर: भूलवाली मॅडम, कात्र्या सिस्टर मोजते हे माहीत नव्हतं. ते मागे घेतो. आभाळ कोसळलं नाही, तेव्हा हेही लिहून ठेवा. पण सगळ्यांसमोर टोकू नये यावर ठाम आहे. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन बोलायचं.

भूलवाली: एकट्याला नंतर बोललात, तर बाकी एकोणतीस जण 'चालतं' असं समजूनच झोपतात. आणि त्यांच्यात कुणी माझ्यासारखी बसलेली असेल तर तिलाही तेच कळतं. सासरे किंवा नोकरीवरचा साहेब असेल तर मात्र मीही तुमच्यासारखंच नंतर बोलते. धाडस सगळीकडे परवडत नाही.

गच्चीवरचा: पेला दिला नव्हता हे खरं. मी खाली मान घालून फोन बघत बसलो होतो. बायकोने काल फराळातल्या चकल्या दिल्या, म्हणून काकांकडे गेलो. विषय मी काढला नाही. चकली मोडत काका म्हणाले, "ये बाबा. आता तुझ्यासमोर तोंड उघडायचं म्हणजे विचार करायला हवा." टोमणा होता की काय, कळलं नाही. जाताना दारापर्यंत आले मात्र.

पेठकर: टोमणाच. आमच्या पिढीचा आहे, ओळखतो मी.

नागपुरी_संत्री: तुमच्या त्या फ्लॅटचं भाडं किती म्हणालात, पेठकर साहेब?