'माझ्या मुलाला काही विचारायचं आहे': मग त्याचा प्रश्न येऊ द्या ना!

पाचवीचे बाबा:
माझ्या मुलाला काही विचारायचं आहे. लिंबाच्या बॅटरीवर एलईडी पेटत नाही. शनिवारी शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. कृपया लवकर सांगा.

रोखठोक:
बाबा, यात मुलाचा प्रश्न कुठे आहे? हा तुमचा प्रश्न आहे, आणि तो शनिवारचा आहे. लिंबं किती, खिळे कसले, तांबं म्हणजे पट्टी की तार, एलईडी कोणत्या रंगाचा, मीटर काय दाखवतो, यातलं काहीच लिहिलेलं नाही. ज्याने खिळे टोचले त्याला हे सगळं ठाऊक असणार. मोठा माणूस मध्ये आला की नेमके हेच तपशील गळतात, कारण त्याला ते किरकोळ वाटतात. एक उदाहरण देतो. मोटार वाइंडिंगची तांब्याची तार वापरली असेल आणि तिचं वार्निश खरवडलं नसेल, तर दहा लिंबं लावूनही काही होणार नाही. 'तांब्याची तार' एवढंच सांगितलं तर कोणी कसं ओळखायचं?

पाचवीचे बाबा:
दहा वर्षांचं पोर आहे, मराठीत टाइप करता येत नाही म्हणून मी लिहितोय. यात एवढं चिडण्यासारखं काय आहे? घ्या: चार लिंबं, पत्र्याला मारतात ते खिळे, तांब्याच्या पट्ट्या, पांढरा एलईडी. एलईडी काढून मीटर लावला तर १.९ व्होल्ट.

तांबट:
१.९ म्हणजे खिळे साधे लोखंडी आहेत. लोखंड आणि तांबं घेतलं की एका लिंबाला अर्ध्या व्होल्टच्या आसपास मिळतं, चारांचे झाले दोन. जस्ताचा मुलामा असलेले खिळे आणा, प्रश्न मिटला. लिंबंही ताजी घ्या, वीज शेवटी रसातूनच येते.

जुना फोरमन:
तांबट, तुमचा आकडा जुळतो, पण तोच आकडा दुसऱ्या कारणानेही येतो. पत्र्याच्या खिळ्यांवर सहसा जस्ताचा मुलामा असतोच. तसा खिळा असेल तर एक लिंबू साधारण ०.९५ देतं आणि चार सरळ जोडली की ३.८ होतात. त्यातलं एक उलटं जोडलं गेलं तर त्याचे ०.९५ मिळत नाहीतच, वर शेजारच्याचे ०.९५ कापले जातात. उरतात १.९.

आता दोन्हींतलं खरं कोणतं हे पोरालाच कळेल. तारा सोडवून एकेक लिंबू वेगळं मोजायचं, लाल पिन तांब्याला आणि काळी खिळ्याला. प्रत्येक ठिकाणी ०.५ च्या जवळ आलं तर तांबट बरोबर. ०.९५ आलं तर खिळे ठीक आहेत, जोडणी चुकली. मग साखळी डोळ्यांनी तपासायची: एका लिंबाच्या तांब्यापासून निघालेली तार पुढच्या लिंबाच्या खिळ्याला गेली पाहिजे. तांब्याला तांबं जोडलेलं दिसलं, तर तिथेच घोळ आहे. साखळीच्या टोकाला जे तांबं मोकळं राहील त्याला एलईडीचा लांब पाय.

पाटीपेन्सिल:
मी प्राथमिक शाळेत शिकवते. मला इथे वेगळंच खटकतंय. प्रदर्शनात निम्म्या टेबलांमागे पालकांचाच हात दिसतो. थर्माकोल कापलेला सुबक, तक्ता छापलेला, आणि 'यातलं तांबं काढून दुसरा खिळा लावला तर काय होईल?' असं विचारलं की मूल आईकडे बघतं. दोन्हीकडे एकाच धातूचे खिळे असले तर एलईडी पेटत नाही, हे ज्याने लिंबू हाताळलंय ते मूल पटकन सांगतं. परीक्षकांनी हाच प्रश्न विचारून गुण द्यावेत.

दोन मुलांची आई:
बाई, शाळा आठ दिवस आधी सूचना काढते आणि 'मॉडेल चालू स्थितीत हवं' असं लिहिते. ते पालकांनी नाही करायचं तर कोणी? आमच्याकडे बटाटे वापरले होते, तेव्हाही असंच झालं. एकाच मोठ्या बटाट्यात चार जोड्या टोचल्या आणि व्होल्ट वाढेचनात. त्याचं उत्तर अजून मिळालेलं नाही.

रोखठोक:
ताई, प्रश्न लिंबाचा चाललाय.

दोन मुलांची आई:
तुम्ही सगळ्यांना दटावायलाच बसला आहात का? बटाटा काय नि लिंबू काय, कृती तीच आहे.

जुना फोरमन:
त्यांचं बरोबर आहे, कृती तीच. एका बटाट्यात सगळ्या जोड्या एकाच रसात बुडालेल्या असतात. वरून तारेने साखळी केली तरी आतून रस त्यांना एकमेकींशी जोडूनच ठेवतो, म्हणून बेरीज होत नाही. बटाट्याचे चार तुकडे करून एकमेकांना न लागतील असे ठेवले की व्होल्ट वाढतात.

पाटीपेन्सिल:
म्हणजे मुलाला सुरी लागणार आणि पुन्हा पालक लागणारच. तेवढं मान्य. पण छापील तक्ता नको म्हणजे नकोच.

पाचवीचे बाबा:
मोजलं. ०.९६, ०.९५, ०.९५, ०.९६. तिसऱ्या लिंबाची जोडणी उलटी होती. सुधारल्यावर ३.८. एलईडी पेटला, पण खोलीत अंधार केल्यावरच दिसतो. रोखठोक, तुमचा सूर मला अजूनही आवडलेला नाही, पण मोजायला मी लॅपटॉपवरून उठलो नाही, पोरानेच मोजलं.

तांबट:
बरं, खिळ्यांबाबत माझा अंदाज चुकला. मंद का आहे, ते तरी सांगा.

जुना फोरमन:
मीटर जवळजवळ प्रवाह घेतच नाही, म्हणून त्याला पूर्ण ३.८ दिसतात. एलईडी जोडला की लिंबांचा स्वतःचा अडथळा आड येतो. एका लिंबाचा दीड हजार ओहम धरला तर चारांचा सहा हजार. लाल एलईडी स्वतःवर साधारण १.८ व्होल्ट घेतो, उरलेले दोन व्होल्ट या सहा हजारांतून प्रवाह ढकलतात. तो होतो मिलिअँपिअरचा एक तृतीयांश, आणि असे दिवे दहा-वीस मिलिअँपिअरवर लखलखतात. पांढऱ्याला व्होल्ट जास्त लागतात, त्यामुळे त्याला उरतं आणखी कमी. शनिवारसाठी लाल लावा. पट्ट्या रुंद घ्या आणि खोल घाला, लिंबू आधी ओट्यावर दाबून लाटा म्हणजे आतल्या फोडी फुटून रस मोकळा होईल. खिळा आणि पट्टी आत एकमेकांना लागू देऊ नका. बाकी खोक्याच्या आत अंधारात दाखवा.

पाचवीचे बाबा:
त्याचा प्रश्न वेगळाच निघाला. तो बोलला तसंच लिहितो: 'तीन दिवसांनी खिळा काळा आणि खरखरीत झाला, तांब्याला काहीच झालं नाही. मग वीज लिंबातून येते की खिळ्यातून?'

रोखठोक:
हा प्रश्न पहिल्या ओळीत हवा होता. १८०० साली व्होल्टा या शास्त्रज्ञाने आपली चवड, म्हणजे पहिली बॅटरी, जाहीर केली तेव्हा तो स्वतः मानत होता की वीज दोन धातूंच्या स्पर्शातून येते. द्रवाचं काम काय, यावर पुढे कित्येक वर्षं विद्वान भांडले.

जुना फोरमन:
वीज येते जस्त विरघळण्यातून. तांबं फक्त देवाणघेवाणीची जागा देतं, त्याच्यावर हायड्रोजनचे बुडबुडे धरतात. पण पोराला एक सांगा, खिळा खरखरीत झाला त्याचं सगळं श्रेय विजेला नाही. तीन दिवस सलग ०.३ मिलिअँपिअर घेतला तरी प्रत्येक लिंबात जेमतेम २६ मिलिग्रॅम जस्त खर्च होतं. आंबट रस जस्ताला एरवीही खातोच. पाचव्या लिंबात नुसता खिळा टोचून ठेवा, तार नको, तांबं नको. तीन दिवसांनी दोन्ही खिळे शेजारी ठेवून बघा.

तांबट:
पण जुनाच खिळा नव्या लिंबात घातला की दिवा पुन्हा उजळतो. म्हणजे लिंबू संपतंच की.

जुना फोरमन:
उजळतो, हे खरं. तांब्यापाशी आम्ल खर्च होतं, हे मी आधी लिहायला हवं होतं. शिवाय टोचलेल्या जागी रस सुकतो आणि खिळा काढून घालताना घासलाही जातो. तिन्हींत कशाचा वाटा किती, हे वेगळं करायचं तर खिळा काढून त्याच लिंबात नव्या जागी टोचावा आणि तेव्हाही मोजावं.

तांबट:
नव्या जागी रस ताजाच असणार, म्हणजे माझंच खरं ठरेल. आकडे येऊ द्या.

पाचवीचे बाबा:
पाचवं लिंबू आज रात्री टोचतोय. ही लिंबं नंतर सरबताला चालतील का, हे त्याच्या आईने विचारलंय.

जुना फोरमन:
नाही. त्यांत जस्त उतरलेलं असतं. पाचवंसुद्धा टाकून द्या.