अनुकंपा यादीत आईऐवजी मुलाचं नाव

"बाबा जिल्हा परिषदेत परिचर होते. आईचं नाव अनुकंपा यादीत आहे, ती ४४ ची झाली. आता माझं नाव लागेल का?"

भाऊ, आजच अर्ज द्या. ४५ पूर्ण झाली की आईचं नाव यादीतून कमी होतं, मग तिचा नंबर कितीही वर असो. पूर्वी कार्यालयं २०१५ च्या शासन निर्णयावर बोट ठेवून नाव बदलून देत नव्हती. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात २०२४ मध्ये पूर्णपीठानं ते बंधन अयोग्य ठरवलं. अर्जासोबत आईची संमती आणि बहीणभावांचं ना-हरकत शपथपत्र लावा, आवक क्रमांकाची पोच घ्या. मात्र ३१ डिसेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल, तर कुटुंब अपात्र ठरतं. ते आधी पाहा.