जमीन 'केवढ्याला घेतली' आणि 'केवढ्याला पडली'

मीनल: एका छोट्या कंपनीचे हिशेब मराठीत लिहिते आहे. कंपनीने कामाच्या जागेसाठी जमीन घेतली. खरेदीखतात किंमत 40 लाख आहे, पण त्यावर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि वकिलांची बिलं आहेत. 'जमिनीचा खर्च' असं लिहिलं की मालक विचारतात, "खर्च म्हणजे गेलेले पैसे ना? मग नफ्यातून वजा करा." यातले काही पैसे जमिनीच्या किमतीतच धरायचे असतात. त्यासाठी मराठीत नेमका शब्द कोणता?

दिगंबर: 'संपादन खर्च' म्हणा. पण सगळा घोळ वकिलांच्या फीमुळे होतो. मुद्रांक आणि नोंदणी जमिनीत, वकिलाची फी मात्र नेहमी नफा-तोट्यात. मी वर्षानुवर्षं असंच करत आलोय.

बबनराव: संपादन म्हटलं की आमच्याकडे शेतकऱ्यांच्या अंगावर काटा येतो. माझ्या भावाची जमीन रस्त्यात गेली, तो मोबदला अजून पूर्ण मिळालेला नाही. मोबदल्याच्या खर्चाबद्दल विचारताय का?

मीनल: नाही बबनराव, इथे राजीखुशीची खरेदी आहे. पण तुमच्या उत्तरावरूनच कळतं, की 'संपादन' हा शब्द ऐकणाऱ्याला भलतीकडे नेतो.

सुधाताई: मराठीत एकाच 'खर्च' शब्दाला दोन कामं करावी लागतात. वस्तू मिळवायला लागलेले पैसेही खर्च आणि वर्षभरात संपून गेलेले पैसेही खर्च. बोलीभाषेत मात्र हा फरक नीट आहे. "जमीन केवढ्याला घेतली?" याचं उत्तर 40 लाख. "केवढ्याला पडली?" म्हटलं की विचारणाऱ्याला मुद्रांकासकट, कागदपत्रांसकट आकडा हवा असतो. ताळेबंदात जो आकडा जायचा, तो हा 'पडली'वाला.

आता दिगंबर, वकिलाच्या फीचं तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. बिल वकिलाचं आहे एवढ्यावरून ते जमिनीत धरलंही जात नाही आणि वगळलंही जात नाही. ते काम ही जमीन मिळवण्यासाठी थेट लागलं का, एवढंच पाहायचं. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस 16 मध्येही व्यावसायिक फीबद्दल हाच निकष आहे. मीनल, बिलं वेगवेगळी करून टाक पाहू.

मीनल: मुद्रांक शुल्क 2,40,000. नोंदणी फी 40,000. मालकीहक्काचा शोध 25,000. खरेदीखताचा मसुदा 15,000. आधी दुसरी एक जमीन पाहिली होती, शोधात हक्क सदोष निघाला म्हणून सोडली, त्या शोधाचे 12,000. कर्जाच्या कागदपत्रांचे 18,000. आणि शुल्क उशिरा भरल्याचा दंड 6,000.

सुधाताई: पहिल्या चार रकमा जमिनीच्या खात्यावर नावे टाक. 40 लाखांत 3,20,000 मिळवले की जमीन पडली 43,20,000 ला. सोडलेल्या जमिनीचे 12,000 खर्चातच. जी जमीन घेतलीच नाही, तिच्या शोधाने हिची किंमत वाढत नाही. दंडही खर्चात, कारण वेळेवर भरलं असतं तरी हीच जमीन मिळाली असती. कर्जाचे 18,000 मात्र कर्जाचे आहेत. ते कर्जाच्या हिशेबात धरून मुदतीवर व्याजाबरोबर वाटले जातात, जमिनीत येत नाहीत.

दिगंबर: मग माझं बिल एकत्र येतं त्याचं काय? "कायदेशीर सेवा, 70,000," एवढीच ओळ.

सुधाताई: वकिलाकडून फोड मागायची. मीनलचे 25, 15, 12 आणि 18 हजार एका ओळीत आले असते तर नेमके 70,000 झाले असते. सगळे जमिनीत टाकले असते तर 30,000 जास्त, सगळे खर्चात टाकले असते तर 40,000 कमी. जमिनीवर साधारणपणे घसारा नसतो, म्हणून ही चूक दरवर्षी थोडी थोडी विरत नाही. जमीन विकेपर्यंत तशीच खात्यात बसते.

दिगंबर: हे पटलं. मागची खतावणी काढून बघायला हवी. पण खरेदीनंतर 6 वर्षांनी शेजाऱ्याने हक्क सांगितला आणि दावा लढावा लागला, तर ती फी?

सुधाताई: असलेला हक्क राखायला लढलात तर मी खर्चात टाकेन. पण हक्कातच पहिल्यापासून खोट होती आणि पैसे भरून ती काढली, तर ते जमिनीत घालण्याच्या बाजूनेही बोलता येतं. दाव्याचे कागद पाहिल्याशिवाय मी ठाम सांगणार नाही. करासाठीचा हिशेब आणखी वेगळा निघू शकतो.

मीनल: मग शब्द 'पडती किंमत' करू का?

बबनराव: नको, बाई! 'पडती किंमत' म्हटलं की जमिनीचा भाव घसरला असं वाटेल.

सुधाताई: बबनरावांचं खरं आहे. 'पडलेली किंमत'लाही तोच धोका. मी 'खरेदीसह एकूण किंमत' लिहिते, पण तेही लांबलचक आहे.

मीनल: तूर्तास मी ताळेबंदात 'जमीन, मिळवण्याच्या खर्चासह' असं लिहिते. मालकांना मात्र तोंडी 'केवढ्याला पडली' असंच सांगेन.