कार्डावरून सबस्क्रिप्शनचे पैसे जातच आहेत, रद्द होत नाही. तुमचा अनुभव सांगा

टिळकवाडीकर: मुलीच्या अभ्यासाच्या अ‍ॅपचे दर महिन्याला ७९९ रुपये क्रेडिट कार्डावरून कापले जातात. 'Cancel' दाबलं की नुसतं चक्र फिरत राहतं आणि मेलला उत्तर येत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडं कुणी हे स्वतः बंद केलं असेल तर नीट सांगा.

निपाणीची सुजाता: कार्ड ब्लॉक करून नवीन मागवा. माझं तसंच थांबलं.

खानापूरचे काका: सुजाताताई, तुमचं थांबलं हे बरंच झालं, पण दर वेळी तसं होत नाही. काही बँका पैसे कापायची जुनी परवानगी नव्या कार्डावरही चालू ठेवतात. शिवाय वीजबिलासारखी हवी असलेली ऑटोपेमेंटंही अडकू शकतात.

टिळकवाडीकर, कंपनीच्या बटणाची वाट बघू नका. ही परवानगी तुमच्या बँकेकडं नोंदलेली असते, म्हणून ती बँकेकडूनच मागं घेता येते. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेनं मेसेज किंवा मेल पाठवायचा असतो. त्यातच थांबवायची लिंक असते. तो सापडत नसेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाखाली 'e-mandate' किंवा 'Standing Instructions' शोधा. बऱ्याच बँकांच्या कार्डांवरच्या अशा परवानग्यांची यादी sihub.in वर दिसते. यादीत अ‍ॅपचं नाव नसेल, भलत्याच कंपनीचं असेल, तर रक्कम आणि तारीख जुळवून बघा. रद्द करताना ओटीपी येतो. तो टाकल्यावर 'Cancelled' दिसलं तरच काम झालं. त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

चिकोडीचा प्रवीण: माझ्या फोनच्या हप्त्याचे पैसे खात्यातून जातात, तेही असंच बंद होतील काय ओ?

खानापूरचे काका: नाही रे बाळा, ते कर्ज आहे. हप्ता अडवलास तर दंड लागेल. इथं चाललंय ते कार्डावरच्या सबस्क्रिप्शनचं.

संकेश्वरची वैशाली: माझं बाहेरच्या देशातल्या कंपनीचं होतं. ते त्या यादीत नव्हतंच आणि आधी मेसेजही आला नव्हता. मी अ‍ॅपमधून कार्डाचा परदेशी व्यवहार बंद केला. पुढच्या महिन्यात व्यवहार नाकारल्याचा मेसेज आला. पण कंपनी अजून थकबाकीचे मेल पाठवते. त्यांना काय उत्तर द्यायचं?

खानापूरचे काका: रद्द केल्याचं लेखी कळवा आणि मेल जपून ठेवा. कार्डाची वाट बंद केली म्हणून त्यांच्याशी झालेला करार आपोआप संपत नाही. त्यांच्या अटी बघितल्याशिवाय मी पुढचं सांगू शकत नाही.

टिळकवाडीकर: काका, सापडलं! यादीत पेमेंट गेटवेचं नाव होतं, ७९९ वरून ओळखलं. ओटीपी टाकला, 'Cancelled' आलं. आधी गेलेल्या पैशांचं काय?

खानापूरचे काका: ते यानं परत येत नाहीत. बँकेत त्या व्यवहारावर वेगळा वाद नोंदवा, रद्द करायचा प्रयत्न केल्याचे मेल जोडा आणि तक्रार क्रमांक घ्या. उशीर करू नका, वाद नोंदवायला मुदत असते. ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर cms.rbi.org.in वर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. तोवर बिल थकवू नका, व्याज चढतं.

टिळकवाडीकर: वाद नोंदवलाय. बँक अजून 'तपास चालू' म्हणते.