कढीपत्ता : खायचा की ताटाच्या कडेला?

नेहा (बी-३०२): आमच्या घरातला वाद मिटवा बघू. सासूबाई म्हणतात आमटीतला कढीपत्ता चावून खायचा. हे मात्र एकेक पान काढून ताटाच्या कडेला लावतात. कोण बरोबर?

अमोल: तुमचे हे 😀 वास आमटीत उतरला, पानाचं काम संपलं.

जोशी काकू: अमोल, चिवड्यातला कढीपत्ता तर वेचून वेचून खातोस. तेव्हा नाही काम संपत?

अमोल: तो कुरकुरीत असतो ना काकू!

जोशी काकू: तेच तर. पान उजेडासमोर धरून बघ, बारीक ठिपके दिसतील. त्यात सुगंधी तेल असतं आणि ते तेलात चटकन उतरतं, म्हणून फोडणी. फोडणीत पान पडलं की तडतडतं, ते त्यातलं पाणी. चिवड्यासाठी तडतड पूर्ण थांबेपर्यंत थांबायचं, मग पान हिरवंच राहतं पण बोटाने चुरतं. त्यापुढे तपकिरी झालं की कडू. आमटीत आपण लगेच डाळ ओततो. पान पुन्हा भिजतं, चिवट होतं, मधली शीर दाताखाली येते. म्हणून लोक काढून ठेवतात, त्यात चूक काही नाही.

शिंदे काका: पण त्यात कॅल्शियम भरपूर असतं म्हणतात. टाकायचं कशाला?

मीनल (ए-१०४): काका, मी आहारतज्ज्ञ म्हणून सांगते. १०० ग्रॅम ओल्या पानांत ६०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, हे खरं. पण आमटीतली दहा पानं मिळून जेमतेम ग्रॅमभर भरतात. म्हणजे सहा-सात मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला दिवसाला हजार लागतं. तेवढ्यासाठी जेवताना कोणाशी भांडू नका 🙏

शिंदे काका: मग आमच्या हिने एवढी वर्षं उगाच दटावलं म्हणायचं.

नेहा: 😂😂 पण सासूबाईंना काय सांगू?

जोशी काकू: पोटात जावा असं वाटत असेल तर पानं शिरेवरून ओरबाडून बारीक चिर आणि मग फोडणीत टाक. कोणी वेचूच शकत नाही. नाहीतर डहाळी अख्खी टाक आणि वाढताना एकदम उचलून घे. लहान मुलांच्या ताटात मात्र अख्खं पान नको, टाळूला चिकटतं.

मीनल: आणि भरपूर खायचाच असेल तर चटणी.

जोशी काकू: हो. पानं धुऊन कापडावर पूर्ण कोरडी कर. मंद आचेवर थोड्या तेलात परत. मुठीत दाबल्यावर चुरा झाला पाहिजे. जरा जरी लवचीक राहिली तरी मिक्सरमध्ये गोळा होतो आणि चटणीला बुरशी येते. तीळ, सुकं खोबरं, लाल मिरची वेगवेगळं भाजायचं. सगळं गार झाल्यावरच वाटायचं.

नेहा: लसूण घातला तर टिकेल का?

जोशी काकू: कुरकुरीत तळून घातलास तर टिकेल. कच्चा असेल तर फ्रिजमध्ये ठेव आणि दोन-चार दिवसांत संपव.