‘शीघ्र गुणोत्तर’ : यात शीघ्र नेमकं काय?

भाषांतरवाली
एका वार्षिक अहवालाचं मराठी करतेय. करंट रेशोला ‘चालू गुणोत्तर’ आणि क्विक रेशोला ‘शीघ्र गुणोत्तर’ असं पाठ्यपुस्तकाप्रमाणे लिहून ठेवलंय, पण दरवेळी वाचताना अडखळते. गुणोत्तर शीघ्र कसं असेल? पटकन काढता येतं म्हणून? हिशेबात मुरलेली मंडळी बोलताना काय म्हणतात?

कुतूहल
करंट म्हणजे सध्याचं ना? मग ‘सद्य गुणोत्तर’ म्हणा. आजच्या तारखेचं ते करंट, घाईत अंदाजाने काढलेलं ते क्विक. ‘चालू’ म्हटलं की मला तरी चालू माणूसच आठवतो.

हिशेबनीस काका
नाही हो. दोन्ही एकाच ताळेबंदावरून, एकाच तारखेची काढतात. ‘चालू’ हे विशेषण गुणोत्तराचं नाहीच, मालमत्तेचं आणि देण्यांचं आहे. साधारण वर्षभरात जिचे पैसे व्हायचे ती चालू मालमत्ता, म्हणजे रोकड, येणी, गोदामातला माल. वर्षभरात चुकवायची ती चालू देणी. मालमत्तेला देण्यांनी भागलं की झालं.

‘शीघ्र’चंही तसंच. मालमत्तेतून माल बाजूला काढतात, कारण तो आधी विकला जायला हवा, तोही बहुधा उधारीवर, आणि मग वसुली. आगाऊ भरलेला खर्चही काढतात. विम्याचा हप्ता भरून झाला, आता त्यातून कुणाचं बिल भागणार? उरते ती शीघ्र मालमत्ता.

बीकॉम तिसरं वर्ष
एवढा काथ्याकूट कशाला? चालू २ च्या वर आणि शीघ्र १ च्या वर असलं की कंपनी सुरक्षित. आम्हाला हेच शिकवलंय.

हिशेबनीस काका
परीक्षेपुरतं ठीक आहे. आता हे बघ. रोकड १०, येणी ३०, माल ६०, चालू देणी ५०. चालू गुणोत्तर १०० भागिले ५०, म्हणजे बरोबर २. शीघ्र ४० भागिले ५०, म्हणजे ०.८.

वर्षअखेरीच्या आदल्या दिवशी मालकाने सगळी रोकड देऊन १० ची देणी फेडली. चालू झालं ९० भागिले ४०, म्हणजे २.२५. कागदावर तब्येत सुधारली! पण तिजोरीत छदाम नाही, आणि दुसऱ्या दिवशी पगार आहेत. शीघ्र मात्र ०.८ वरून ०.७५ वर घसरलं. १ च्या वरच्या गुणोत्तरात दोन्हीकडून सारखी रक्कम वजा केली की ते फुगतं, १ च्या खालचं आणखी आक्रसतं. म्हणून नुसता एका तारखेचा आकडा बघून मी कुणाला सुरक्षित म्हणत नाही.

बीकॉम तिसरं वर्ष
हे डोक्यात आलं नव्हतं. पण मग १ च्या खाली असलं की कंपनी धोक्यात, एवढं तरी खरं ना?

हिशेबनीस काका
तेही धंद्यावर आहे. रोखीने विकणाऱ्या दुकानसाखळीचा माल आठवड्यात खपतो आणि पुरवठादाराला पैसे दीड महिन्याने द्यायचे असतात. तिथे गुणोत्तर १ च्या खाली राहूनही वर्षानुवर्षं बिलं वेळेवर जातात. विक्री अचानक मंदावली की मात्र पंचाईत.

शब्दवेडी
याच क्विक रेशोला ॲसिड टेस्टही म्हणतात ना? सोनं नायट्रिक आम्लात टिकतं, हिणकस धातू विरघळतात, तिथून आलेलं नाव. मग आपल्याकडे ‘कसोटी’ आयतीच आहे! सोनं घासून कस बघायचा काळा दगड. ‘तरलतेची कसोटी’ कसं वाटतं?

भाषांतरवाली
गोड आहे, पण पुढच्याच ओळीत ‘दोन्ही कसोट्यांवर कंपनी उतरते’ असं वाक्य आहे. वाचक गोंधळेल.

वर्कशॉपवाला
शब्दाचं कळत नाही, अनुभव सांगतो. मागे आमचं चालू गुणोत्तर २.३ होतं, बँक खूश. त्यातला निम्मा माल म्हणजे एका ग्राहकाच्या मापाने बनवलेले सुटे भाग, आणि त्याने ऑर्डर रद्द केलेली. भंगाराच्या भावातही कुणी विचारेना, पण वहीत पूर्ण खर्चाला उभा. म्हणून यंदा शीघ्र बघायला लागलो. ते आलं १.१. तरी पगाराला उसनवारी करावी लागली, कारण येण्यांतली मोठी रक्कम एकाच गिऱ्हाइकाकडे, सात महिने अडकलेली. ती शीघ्र कशी म्हणायची?

हिशेबनीस काका
मी असतो तर ९० दिवसांवरची येणी वगळूनच मोजली असती. आणि माल वसुलीच्या किमतीला उतरवायला हवा होता, तो नियमच आहे.

बीकॉम तिसरं वर्ष
पण व्याख्येत येणी धरतात. प्रत्येकाने आपल्या मनाने वगळली तर दोन कंपन्यांची तुलना कशी करणार?

भाषांतरवाली
तूर्त ‘मालाविना चालू गुणोत्तर’ लिहिलंय. संपादक म्हणतात, लांबलं. आणि आगाऊ खर्चाचं काय, हे त्यांनी अजून विचारलेलं नाही.